रोजचं पित्त की अल्सर? पेनकिलर, काळी संडास आणि जंतूची टेस्ट नेमकी कधी करायची

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक जोडी रोज दिसते. एक स्ट्रिप अंगदुखीच्या गोळीची आणि तिच्यासोबत पित्ताची एक स्ट्रिप. लोक स्वतःच सांगतात की ही दुखण्याची गोळी गरम पडते म्हणून सोबत ती पण द्या. म्हणजे गोळीने पोटात काहीतरी होतंय हे त्यांना पक्कं माहीत असतं, फक्त काय होतंय ते माहीत नसतं. आणि आपल्याकडे पोटाच्या वरच्या भागात काहीही झालं तरी त्याला नाव एकच, पित्त. जळजळ झाली पित्त, मळमळ झाली पित्त, डोकं दुखलं तरी पित्त. या एका शब्दाखाली कितीतरी अल्सर वर्षानुवर्ष लपून राहतात, त्यातला एक माझ्या सख्ख्या मामांचा होता, म्हणून हे सगळं सविस्तर लिहायला बसलोय. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, चौदा वर्ष काउंटरवर उभा आहे, त्यामुळे औषधाचा डोस ठरवायचं काम डॉक्टरांवर सोडून बाकीचं सांगतो.

आधी अल्सर म्हणजे काय ते बघू. जठराच्या किंवा त्याच्या पुढच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या तुकड्याच्या आतल्या अस्तराला पडलेली जखम. तोंड येतं तेव्हा ओठाच्या आत जसा पांढरट खड्डा पडतो ना, साधारण तसंच, पण इथे त्या खड्ड्यावर दिवसरात्र ॲसिड पडत असतं. नुसती ॲसिडिटी आणि अल्सर यात फरक हाच की अल्सरमध्ये खरोखर जखम असते, खोल गेली तर खाली रक्तवाहिनी लागू शकते, आणि अजून खोल गेली तर भिंतीला आरपार भोक.

पहिलं काम: दुखणं नीट ऐका

अल्सरचं दुखणं बहुतेक वेळा बरगड्या जिथे मधोमध मिळतात त्याच्या खाली, बेंबीच्या वर असतं. लोक तिथे बोट ठेवून दाखवतात, "इथंच, आत कुरतडल्यासारखं होतंय" म्हणतात. छातीत वर चढणारी जळजळ आणि आंबट पाणी घशाशी येणं हा प्रकार वेगळा, तो जास्त करून ॲसिड उलटं वर येण्याचा असतो.

आतड्याच्या सुरुवातीला जखम असेल तर दुखणं रिकाम्या पोटी वाढतं, जेवणानंतर दोन-तीन तासांनी सुरू होतं, रात्री एक-दोन वाजता झोपेतून उठवतं, आणि माणूस उठून दोन बिस्किटं खाल्ली की परत झोपतो. आमचे मामा तर उशाशी मारीचा पुडा ठेवूनच झोपायचे, मामी म्हणायची म्हातारपणी लहान पोरासारखी सवय लागलीय. जखम जठरात असेल तर बरेचदा उलटं, खाल्लं की दुखणं वाढतं, मग माणूस जेवायलाच घाबरतो आणि वजन उतरतं. पण हा नियम दगडावरची रेघ नाही, नुसत्या लक्षणांवरून जखम कुठे आहे हे डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत.

पेनकिलर घेणाऱ्यांच्या बाबतीत सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे अल्सर असून दुखतच नाही. वयस्कर माणसात हे खूप दिसतं. एक तर ती गोळीच दुखणं दाबते, दुसरं म्हणजे वय झाल्यावर तक्रारच कमी होते, आणि मग पहिली निशाणी म्हणून थेट रक्तच जातं. त्यामुळे "मला काही जळजळ नाही, म्हणजे मला गोळी सोसते" हा हिशोब चुकीचा आहे.

आता धोक्याच्या खुणा. यातली एक जरी दिसली तरी पुढचं वाचत बसू नका, हॉस्पिटल गाठा.

संडास डांबरासारखी काळी, चिकट, भांड्याला धरून राहणारी आणि एक वेगळाच उग्र घाण वास असलेली. वरून रक्त गेलं की ते आतड्यातून येताना पचतं आणि काळं पडतं, लाल दिसत नाही, म्हणून लोकांना ते रक्त वाटतच नाही. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळपट-हिरवट होते पण ती सहसा घट्ट असते, तशी चिकट आणि उग्र नसते. तरी शंका आली तर शंका दाखवायची, घरी बसून रंग ठरवायचा नाही.

उलटीत रक्त, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे तपकिरी कण. उठताना चक्कर, घाम, छातीत धडधड, जिना चढताना नवीनच लागलेला दम. आणि अचानक सुरी खुपसल्यासारखी कळ येऊन पोट लाकडाच्या फळीसारखं कडक होणं, म्हणजे भोक पडलेलं असू शकतं, तिथे तासांचा हिशोब असतो, सोडा नाही, हिंग नाही, पाणीसुद्धा नाही, सरळ गाडी काढायची.

याशिवाय वजन आपोआप उतरणं, घास अडकणं, सारखी उलटी, रिपोर्टमध्ये लोह कमी आणि कारण सापडत नाही, किंवा वय साठच्या आसपास आणि पोटाचा त्रास नव्यानेच सुरू झालाय, अशा लोकांनी पित्ताच्या गोळ्यांवर दिवस ढकलायचे नाहीत, दुर्बिणीने आतून बघून घ्यायचं.

दुसरं काम: घरातल्या सगळ्या स्ट्रिप उलट्या करून वाचा

कंपनीचं मोठं नाव सोडा, मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते बघा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, केटोरोलॅक, पिरॉक्सिकॅम, निमेसुलाइड, मेफेनॅमिक ॲसिड (पाळीत पोट दुखतं म्हणून घेतात ती), आणि ॲस्पिरिन. ही सगळी एकाच घरातली भावंडं. बऱ्याच गोळ्यांमध्ये यातलं एक आणि जोडीला पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे माणूस म्हणतो मी तर साधी पॅरासिटामॉलच घेतो, आणि स्ट्रिप उलटी केली की आत आयबुप्रोफेन चारशे निघतं. सकाळी एका डॉक्टरांची एक गोळी, संध्याकाळी दुकानातून मागून घेतलेली दुसरी, दोन्हीत एकाच घरातलं भावंड, असं तर मी आठवड्याला पाहतो. दोन एकत्र घेतली तर दुखणं दुप्पट कमी होत नाही पण पोटाचा धोका मात्र वाढतो.

पुड्यांचंही बोलतो. गुडघेदुखीवर गावोगाव "एकदम जडीबुटीचं" म्हणून बिनलेबलच्या पुड्या मिळतात, त्यात स्टेरॉइड आणि पेनकिलर मिसळलेल्या सापडल्याची उदाहरणं आहेत. तीन दिवसांत गुडघा एकदम पळायला लागला तर खूश होण्याआधी संशय घ्या.

या गोळ्या पोटात नेमकं काय करतात

जठरातलं ॲसिड इतकं जहाल असतं की मटण पचवतं, मग ते जठरालाच का पचवत नाही? कारण अस्तरावर एक बुळबुळीत थर असतो, त्या थरात खायच्या सोड्यासारखा ॲसिड मारणारा क्षार सुटत असतो, आणि खालून रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे कुठे खरचटलं तरी लगेच डागडुजी होते. हा सगळा कारभार चालू ठेवण्याचा निरोप देणारी रसायनं म्हणजे प्रोस्टाग्लँडिन. अडचण अशी की गुडघ्यात सूज आणि ठणका आणणारी रसायनंसुद्धा प्रोस्टाग्लँडिनच. ती बनवणारी एन्झाइम्स दोन, कॉक्स-१ आणि कॉक्स-२. ढोबळ मानाने पहिलं पोटाची राखण करतं, दुसरं सुजेच्या जागी कामाला येतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे मंडळी दोघांनाही अडवतात. गुडघा शांत होतो, आणि त्याच वेळी पोटाचा थर पातळ होतो, क्षार कमी सुटतो, अस्तराचा रक्तपुरवठा घटतो. मग आधीपासून असलेली बारीकशी जखम भरायची थांबते आणि वरून ॲसिड तिला खोल करत नेतं. वर या गोळ्यांनी रक्त गोठवणाऱ्या पेशीही थोड्या ढिल्या पडतात, म्हणजे जखम पण यांचीच आणि वाहायला मोकळी वाट पण यांचीच. ॲस्पिरिनचा या पेशींवरचा परिणाम तर ती पेशी मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस टिकतो.

हे कळलं की तीन गैरसमज आपोआप गळून पडतात. एक, "जेवून घेतली की काही होत नाही". जेवणाने मळमळ आणि जळजळ कमी वाटते, पण गोळी रक्तात जाऊनच प्रोस्टाग्लँडिन थांबवते, त्यामुळे अल्सरचा धोका जेवल्याने जात नाही. दोन, "गोळी नको, इंजेक्शन द्या, पोटात जाणारच नाही". तेच कारण, डायक्लोफेनॅक कुल्ल्यातून दिलं तरी रक्तातून जठरापर्यंत पोचतंच. तीन, "वरून कोटिंग असलेली गोळी आहे". कोटिंगने गोळी जठरात विरघळत नाही एवढंच, रक्तात गेल्यावरचं काम तेच.

सगळ्यांनाच अल्सर होतो असं नाही हां. ताप-दाढदुखीला तिशीतल्या ठणठणीत माणसाने दोन दिवस आयबुप्रोफेन घेतलं तर शक्यता कमीच. साठीच्या पुढचं वय, आधी अल्सर झालेला, सोबत ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची दुसरी गोळी, सोबत स्टेरॉइड, डोस मोठा आणि महिनोन्महिने, यातलं जितकं जास्त जमेल तितका धोका चढत जातो. आणि या यादीत अजून एक नाव आहे जे कुणाच्या तोंडात येत नाही, ते म्हणजे जठरात राहणारा जंतू.

तो जंतू

नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी, डॉक्टर एच पायलोरी म्हणतात. १९८० च्या आधी सगळं जग मानत होतं की इतक्या ॲसिडमध्ये जंतू जगूच शकत नाही आणि अल्सर होतो तो टेन्शनने आणि तिखटाने. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन यांना जठराच्या तुकड्यांमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली वळणावळणाचे जंतू दिसत होते, आणि बॅरी मार्शल नावाचा तरुण डॉक्टर ते लॅबमध्ये वाढवायचा प्रयत्न करत होता, पण वाढेनात, कारण दोन दिवसांत काही दिसलं नाही की प्लेट फेकून द्यायची पद्धत. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत प्लेट तशाच पाच दिवस राहिल्या आणि जंतू उगवलेले सापडले. तरी कुणी ऐकेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलने स्वतःच त्या जंतूंचं पाणी पिऊन टाकलं. काही दिवसांत उलट्या, तोंडाला घाण वास, दुर्बिणीत जठराला सूज. अल्सर झाला नाही, सूजच आली, हे मुद्दाम सांगतो कारण ही गोष्ट सांगताना लोक बरेचदा अल्सरपर्यंत नेतात. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

हा जंतू युरीएज नावाचं एन्झाइम बनवतो, त्याने युरियाचा अमोनिया होतो, अमोनिया ॲसिड मारतो, म्हणजे जंतू स्वतःभोवती ॲसिड नसलेला एक छोटा ढग घेऊन फिरतो आणि बुळबुळीत थरात घुसून बसतो. तिथे वर्षानुवर्ष सूज ठेवतो, आणि बऱ्याच लोकांमध्ये ॲसिडही जास्त सुटायला लावतो. लागण बहुतेक लहानपणीच घरातून होते. आपल्याकडे निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात हा असतो आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, म्हणून जंतू आहे ऐकून हादरायचं कारण नाही.

पण एकदा अल्सर झाला की चित्र बदलतं. पित्ताच्या गोळीने जखम भरते, जंतू मात्र तिथेच, आणि गोळी बंद झाली की वर्षभरात निम्म्याहून जास्त लोकांचा अल्सर परत येतो. जंतू मारला तर परत येण्याचं प्रमाण अगदी थोडं उरतं. आणि जंतू व पेनकिलर दोन्ही एकाच पोटात असतील तर नुसती बेरीज होत नाही. २००२ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला, त्यात दोन्ही नसलेल्या माणसाच्या तुलनेत दोन्ही असलेल्याला अल्सरमधून रक्त जाण्याचा धोका सुमारे सहा पट निघाला. म्हणून पेनकिलरमुळे अल्सर झालाय हे उघड दिसत असलं तरी जंतूची टेस्ट सोडायची नाही. "गोळीमुळे झालं, गोळी बंद केली, विषय संपला" इथेच मामांचं प्रकरण फसणार होतं.

तिसरं काम: टेस्ट, आणि ती खोटी येऊ नये म्हणून काय करायचं

चांगल्या टेस्ट तीन. श्वासाची टेस्ट, म्हणजे खुणेचा कार्बन असलेला युरिया प्यायला देतात, जंतू असला तर तो युरिया फोडतो आणि तो कार्बन अर्ध्या तासात श्वासात सापडतो. संडासची अँटिजेन टेस्ट, डबीत थोडा नमुना द्यायचा, लोक लाजतात पण सोपी आणि भरवशाची. आणि एंडोस्कोपी करतानाच अस्तराचा कणभर तुकडा काढून केलेली तपासणी, तो तुकडा युरियाच्या जेलमध्ये ठेवतात आणि जंतू असेल तर रंग बदलतो, शिवाय तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीही बघतात.

चौथी म्हणजे रक्ताची अँटिबॉडी टेस्ट, ती पॅकेजमध्ये सर्रास मिळते आणि माझ्या मते तिच्यावर पैसे घालवू नका. जंतू मेल्यावरही अँटिबॉडी महिने-वर्ष रक्तात राहतात, त्यामुळे आत्ता जंतू आहे की पूर्वी कधी होता हे तिला सांगता येत नाही, आणि उपचारानंतर जंतू गेला का हे बघायला तर तिचा काहीच उपयोग नाही.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल या पित्ताच्या गोळ्या टेस्टच्या आधी किमान दोन आठवडे बंद पाहिजेत, आणि कुठलंही अँटिबायोटिक किंवा बिस्मथ असलेलं औषध किमान चार आठवडे. पित्ताच्या गोळीने जंतू मरत नाही, नुसता दबतो, संख्या कमी होते, जठराच्या वरच्या भागात सरकतो, आणि टेस्टला सापडत नाही. रिपोर्ट निगेटिव्ह, जंतू आत सुखरूप. गोळी चालू असताना पॉझिटिव्ह आला तर तो सहसा खरा धरतात, गडबड निगेटिव्हचीच असते. लॅबवाले हे प्रत्येकाला विचारतातच असं नाही, म्हणून नमुना देताना तुम्हीच सांगा की अमुक गोळी अमुक तारखेपासून बंद आहे. ताजं रक्त जात असतानाही तुकड्याची टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

पण दोन आठवडे गोळी बंद ठेवायची हे डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः नुकतंच रक्त गेलं असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर. बंद केल्यावर पहिले काही दिवस जळजळ आधीपेक्षा जोरात उसळते, ती गोळी सोडल्याची प्रतिक्रिया असते, तेवढ्या काळात पातळ अँटासिड जेल चालतं, टेस्टच्या दिवशी मात्र उपाशीपोटी जायचं असेल तर तेही नको.

मामांचं काय झालं

मामा एकसष्ट वर्षांचे, ऊस आणि दोन म्हशी, गुडघे दुखायचे. आठ-नऊ महिने रोज सकाळ-संध्याकाळ आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉलची गोळी, गावातल्याच दुकानातून. सोबत रोज ॲस्पिरिन पंचाहत्तर, कारण शेजारच्या माणसाला अटॅक आल्यावर त्याला दिलेली बघून यांनी स्वतःच चालू केली. पित्त होतं म्हणून पँटोप्राझोल, मनाला येईल तेव्हा. रात्रीचा मारीचा पुडा वर सांगितलाच. मी हे सगळं बघत होतो आणि "मामा, कमी करा जरा" एवढंच म्हणत होतो, हे पण कबूल करतो.

जूनमध्ये त्यांना गोठ्यात चक्कर आली. मामीने फोनवर सांगितलं, "अरे, चार दिस झालं संडास काळी हाय, पण ते म्हणत्यात ताकदीच्या गोळ्यानं असंल." मी विचारलं चिकट आहे का, तर म्हणाली, "पाणी ओतून बी निघंना." तिथेच कळलं. दोन तासांत तालुक्याला, हिमोग्लोबिन सात पॉइंट चार, दोन पिशव्या रक्त, दुसऱ्या दिवशी एंडोस्कोपी. आतड्याच्या सुरुवातीला साधारण एक सेंटिमीटरचा अल्सर, तळाशी नुकतंच थांबलेलं रक्त. तुकड्याची जंतू टेस्ट निगेटिव्ह.

सगळे निर्धास्त झाले. पेनकिलर बंद. ॲस्पिरिनबद्दल डॉक्टरांनी विचारलं स्टेंट आहे का, अटॅक, पॅरालिसिस कधी, सगळ्याला नाही, तर ती पण बंद केली. इथे जरा थांबून सांगतो, ज्यांना स्टेंट आहे किंवा अटॅक येऊन गेलाय त्यांनी हे वाचून ॲस्पिरिन स्वतः बंद करायची नाही, तिथे गोळी अचानक सोडण्याचा धोका पोटापेक्षा मोठा असू शकतो, डॉक्टर सोबत पोट सांभाळणारी गोळी देऊन मार्ग काढतात.

डिस्चार्जच्या कागदावर खाली एक ओळ होती, जंतूची टेस्ट परत करावी. घरच्यांनी वाचली नव्हती. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, रक्त जात होतं, पँटोप्राझोल पण चालू होतं, अशा वेळचा निगेटिव्ह मी धरत नाही. मग आठ आठवडे गोळी पूर्ण करून जखम भरू दिली, नंतर त्यांच्या सांगण्यावरून दोन आठवडे बंद, त्या पंधरा दिवसांत मामांनी मला रोज फोन करून शिव्या घातल्या, आणि मग संडासची अँटिजेन टेस्ट केली. पॉझिटिव्ह.

चौथं काम: चौदा दिवसांचा कोर्स

जंतू मारायला एक अँटिबायोटिक पुरत नाही. पित्ताची गोळी दिवसातून दोनदा आणि सोबत दोन अँटिबायोटिक, हा जुना प्रकार, त्यात क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलीन असतं. आपल्याकडे क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारे जंतू बरेच झालेत, म्हणून बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल असा चौघांचा कोर्सही देतात. कुठला द्यायचा हे डॉक्टर ठरवतील, आधी कुठली अँटिबायोटिक खाल्लीत आणि पेनिसिलीनची ॲलर्जी आहे का हे मात्र आठवून सांगा, त्यावर निवड बदलते.

कोर्स फसतो तो सहाव्या-सातव्या दिवशी. तोंडाला लोखंडासारखी कडू चव, मळमळ, पातळ संडास, आणि पोट तर आधीच बरं वाटत असतं, मग लोक उरलेलं किट कपाटात ठेवतात. माझ्याकडे अर्धं किट परत घ्या म्हणून येतात. अर्धवट कोर्सने मेलेले जंतू कमी आणि शहाणे झालेले जास्त, पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. त्यामुळे त्रास होत असेल तर डॉक्टरांना फोन करायचा, स्वतः थांबायचं नाही. पित्ताची गोळी नाश्त्याच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या अर्धा तास आधी, अँटिबायोटिक सांगितल्याप्रमाणे. मेट्रोनिडाझोल असेल तर दारू पूर्ण बंद, संपल्यावरही दोन-तीन दिवस. आणि बिस्मथने संडास आणि जीभ काळी होते, मामांनी तिसऱ्या दिवशी घाबरून फोन केला होता, पण ती चिकट नव्हती, चक्कर नव्हती, तरी मी डॉक्टरांशी बोलणं करून दिलं.

पाचवं काम: जंतू गेला का ते बघणं

हे जवळपास कुणीच करत नाही. कोर्स संपल्यावर किमान चार आठवडे थांबायचं, पित्ताची गोळी शेवटचे दोन आठवडे बंद, आणि परत श्वासाची किंवा संडासची टेस्ट. बरं वाटणं हा पुरावा नाही, जंतू असतानाही महिनोन्महिने बरं वाटतं. पॉझिटिव्ह आली तर तोच कोर्स परत घ्यायचा नसतो, औषधं बदलतात. जठरातला अल्सर असेल तर याशिवाय आठ ते बारा आठवड्यांनी दुर्बीण परत घालून जखम भरली का बघतात, कारण जठराचा कॅन्सर कधी कधी सुरुवातीला साध्या अल्सरसारखाच दिसतो. मामांचा आतड्यातला होता म्हणून त्यांना दुसरी दुर्बीण लागली नाही.

आणि गुडघ्याचं काय

दुखणं तर राहतंच, त्याला पर्याय दिला नाही तर माणूस महिन्याभरात परत जुन्या गोळीवर येतो. मामांना साधं पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसमध्ये (लिव्हरचा त्रास असणाऱ्यांनी किंवा रोज पिणाऱ्यांनी यातही हात राखून), गुडघ्यावर चोळायचं डायक्लोफेनॅक जेल, जे रक्तात फारच थोडं जातं, आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. म्हशीची धार आता खाली न बसता स्टुलावर बसून काढतात, जेलपेक्षा त्याचाच जास्त फरक पडला असं मामीचं म्हणणं. ज्यांना संधिवातासारख्या आजारात पेनकिलर टाळताच येत नाही त्यांच्यासाठी कमी त्रासदायक औषध, कमीत कमी डोस आणि रोज न चुकता पित्ताची गोळी असा रस्ता असतो, पण आधी जंतू काढून मगच.

दूध, थंड ताक, सोडा याबद्दल लोक विचारतातच. दुधाने घटकाभर बरं वाटतं आणि मग ॲसिड परत वाढतं, जखम त्याने भरत नाही. तिखटाने अल्सर होत नाही, झालेला असेल तर झोंबतं, तेव्हा ठेचा काही दिवस बाजूला. बिडी-सिगरेट मात्र खरोखर जखम भरू देत नाही.

मामांची कोर्सनंतरची टेस्ट नोव्हेंबरमध्ये निगेटिव्ह आली. डिसेंबरमध्ये त्यांनी दाढ काढली आणि तिथून लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन माझ्या काउंटरवर आले, त्यात केटोरोलॅक होतं. त्यांनी डेंटिस्टना अल्सरचं सांगितलंच नव्हतं, म्हणे दाताचा आणि पोटाचा काय संबंध. तिथूनच फोन लावला, डेंटिस्टनी लगेच बदलून पॅरासिटामॉल दिलं. आता त्यांच्या पाकिटात आधार कार्डाच्या मागे माझ्या अक्षरातली एक चिठ्ठी आहे, "अल्सरमधून रक्त गेलं होतं, आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक-केटोरोलॅक-ॲस्पिरिन देऊ नये", आणि खाली माझा नंबर.